१२० पानी सस्टेनेबिलिटी रिपोर्टवरून आयआरसाठी दोन पानी टिपण: २७ टक्के लिहू की १९?

शाईची_बाटली

नमस्कार मंडळी,

आमच्या सस्टेनेबिलिटी रिपोर्टवरून आयआर, म्हणजे गुंतवणूकदारांशी संपर्क ठेवणाऱ्या टीमसाठी दोन पानांचं टिपण काढायचं काम माझ्या गळ्यात आलंय. कोणती उद्दिष्टं होती, ती कशात मोजतो, गेल्या वर्षीपासून किती पुढे सरकलो, एवढंच हवंय. निकालाच्या कॉलवर कुणी विश्लेषकाने विचारलं तर त्यांना १२० पानं चाळत बसायला लागू नये, हा हेतू.

वाटलं होतं एका दुपारचं काम आहे. पण मुख्य उद्दिष्टापाशीच अडकले. उद्दिष्ट असं: स्कोप १, म्हणजे स्वतः जाळलेल्या इंधनाचं वगैरे, आणि स्कोप २, म्हणजे विकत घेतलेल्या विजेचं, असं मिळून उत्सर्जन २०२० च्या तुलनेत २०३० पर्यंत ४२ टक्क्यांनी कमी करायचं. (आकडे गोल करून, थोडे बदलून देतेय. प्रमाण साधारण तेच आहे.)

२०२० चं उत्सर्जन २०० हजार टन, २०२३ चं १६४ हजार टन, २०२४ चं १४६ हजार टन. पान ४ वर हिरव्या वर्तुळात छापलंय, "२७ टक्के घट". म्हणजे २०० वरून १४६, हिशेब बरोबर. गेल्या वर्षीशी तुलना केली तर ११ टक्के. छान.

पण मागच्या परिशिष्टातल्या तक्त्यात २०२० चा आकडा १८० हजार आहे आणि २०२३ चा १५० हजार. खाली बारीक अक्षरात: "विक्री केलेल्या युनिटनुसार सुधारित." २०२३ च्या शेवटी एक युनिट विकलं होतं, ते हेच. या तक्त्याने मोजलं तर आधारवर्षापासून घट १९ टक्के आणि गेल्या वर्षीपासून तीनच्याही आत.

एकाच रिपोर्टमध्ये दोन्ही. टिपणात कोणतं घेऊ?

---

टिंबटिंब

पान ४ डिझायनरने केलेलं असतं, परिशिष्ट एक्सेलने. एक्सेलला हिरवं वर्तुळ काढता येत नाही म्हणून ते खरं बोलतं.

---

सरळरेघ

यात विचार करण्यासारखं काय आहे? आधारवर्ष एकदा ठरलं की ठरलं. २०२० मध्ये २०० टन (हजार) बाहेर पडले ही घडलेली गोष्ट आहे. नंतर युनिट विकलं म्हणून २०२० बदलत नाही. मागचे आकडे बदलायची मुभा दिली की कंपन्या सोयीने इतिहास लिहितात. २७ च घ्या आणि १८० वाला आकडा कुणी आणि का बदलला ते विचारा.

---

नवा_गडी

मलाही असंच काम आहे. प्रेस नोटला हेडिंग बोल्डमध्ये द्यायचं का? आणि चेअरमनचं कोट वर की खाली?

---

टिंबटिंब

@नवा_गडी, ही प्रेस नोट नाही हो. इथे चेअरमनचं कोट टाकलं तर आयआरवाले कोटासकट परत पाठवतील.

---

तळटीप

सरळरेघ यांची शंका रास्त आहे, पण निष्कर्ष नेमका उलटा निघतो.

युनिट विकलं तेव्हा त्याची चिमणी बंद झाली नाही, फक्त मालक बदलला. ते १४ हजार टन आजही कुणाच्या तरी हिशेबात आहेत. आधारवर्ष तसंच ठेवलं तर विकलेल्या युनिटचं उत्सर्जन २०२० मध्ये आहे आणि २०२४ मध्ये नाही, आणि तो फरक "घट" म्हणून दिसतो. सगळी युनिटं विकून टाकली तर शंभर टक्के उद्दिष्ट पूर्ण! म्हणूनच उत्सर्जन मोजायचे नियम देणारा जीएचजी प्रोटोकॉल सांगतो की खरेदी, विक्री, विलीनीकरण यांसारखा मोठा रचनात्मक बदल झाला तर आधारवर्ष पुन्हा मोजा. इतिहास बदलायचा नाही, दोन्ही वर्षांत तीच तीच युनिटं मोजायची. किती मोठ्या बदलाला पुन्हा मोजायचं हे प्रोटोकॉलने कंपनीवर सोडलंय. पण उद्दिष्ट एसबीटीआय या कंपन्यांची हवामान उद्दिष्टं तपासणाऱ्या संस्थेकडून मंजूर करून घेतलं असेल तर तिथे ५ टक्क्यांची मर्यादा लागते. इथे २०० तले २० गेलेत, म्हणजे १० टक्के. पुन्हा मोजणं भागच होतं आणि ते मोजलेलंही आहे. चूक पान ४ वर आहे.

तेव्हा शाईची_बाटली, १८० हजाराचाच आधार घ्या. पण नुसतं "१९ टक्के" लिहून सोडू नका. विश्लेषकाकडे गेल्या वर्षीचा रिपोर्ट उघडा असतो. त्यात २०२३ समोर १६४ आहे, तुमच्या टिपणात १५० असेल. पहिला प्रश्न तिथेच येणार. टिपणात १६४ वरून १४६ पर्यंतचा रस्ता दाखवा: युनिट विक्रीमुळे १४ गेले, उरले १५०. तिथून १४६ पर्यंतचे ४ खरे या वर्षाचे. अठराच्या घटीपैकी चौदा विक्रीचे, हे एका ओळीत दिसलं पाहिजे.

आणि एक विचारतो. हे १४६ मार्केट-बेस्ड आहेत की लोकेशन-बेस्ड?

---

उंटावरचा_शहाणा

एवढी झटापट कशाला? इंटेन्सिटी घ्या. उत्सर्जन भागिले महसूल. युनिट विकलं की वरचंही कमी होतं आणि खालचंही. आपोआप तुलना जमते. आम्ही नेहमी हेच देतो, आजवर कुणी काही विचारलं नाही.

---

सरळरेघ

@तळटीप, विक्रीचं पटलं. पण मग युनिट विकण्याऐवजी बंद केलं असतं तर? तेव्हाही आधारवर्षातून काढणार?

---

तळटीप

@सरळरेघ, नाही काढायचं. बंद केलं तर ते उत्सर्जन खरंच थांबलं, आधारवर्ष आहे तसं राहतं. स्वतःची वाढ किंवा स्वतःची घट यासाठी आधारवर्षाला हात लावत नाहीत. आता बंद केलेल्या युनिटचा माल ग्राहक दुसऱ्या कुणाकडून घेणार आणि तिथे उत्सर्जन वाढणार, हा तुमचा पुढचा प्रश्न असेल. त्याला माझ्याकडे या हिशेबात उत्तर नाही. टिपणात "युनिट बंद झाल्यामुळे इतके" असं वेगळं लिहिता येतं, वाचणारा काय ते ठरवेल.

@उंटावरचा_शहाणा, अर्धं बरोबर आहे. विकलेलं युनिट बाकी कंपनीइतकंच उत्सर्जन करणारं असेल तर गुणोत्तर फारसं हलत नाही. पण विकतात ते बहुधा जुनं, जास्त धूर करणारंच. ते गेलं की इंटेन्सिटी एका रात्रीत सुधारते आणि कुणी बोटसुद्धा हलवलेलं नसतं. शिवाय भागाकार महसुलाने केलाय. मालाचे भाव वाढले की महसूल वाढतो, इंटेन्सिटी खाली येते, चिमणी तिथेच. उत्पादनाच्या टनाने भागलं तर बरं, तेही सगळी युनिटं एकच माल करत असतील तर. आणि मुख्य म्हणजे यांचं उद्दिष्टच निव्वळ टनांत आहे. उद्दिष्ट टनांत आणि प्रगती इंटेन्सिटीत दिली की वाचणाऱ्याला लगेच वास येतो.

---

उंटावरचा_शहाणा

आमचं उद्दिष्टही इंटेन्सिटीतच आहे, म्हणून आम्हाला चालतं. पण भाववाढीचा मुद्दा नोंदवला. गेल्या वर्षी आमची इंटेन्सिटी अचानक का सुधारली याचा आता संशय येतोय.

---

पाणीवाली

थोडं अवांतर, पण याच कामातलं.

आमच्याकडे हेच टिपण मी करते. सगळ्यात आधी गेल्या वर्षीच्या रिपोर्टमधली उद्दिष्टांची यादी एका रकान्यात आणि यंदाची शेजारच्या रकान्यात ठेवते. आकडे नंतर. आधी फक्त कोणती उद्दिष्टं दोन्हीकडे आहेत ते पाहते. एकदा पाण्याचं उद्दिष्ट गायबच झालेलं सापडलं. "२०२५ पर्यंत गोड्या पाण्याचा उपसा २० टक्क्यांनी कमी" असं होतं. नव्या रिपोर्टमध्ये "पाणीटंचाईच्या भागांतील युनिटांमध्ये जलव्यवस्थापन आराखडे" असं झालं होतं. आराखडे झाले सुद्धा, शंभर टक्के, हिरवी खूण. उपसा किती कमी झाला ते कुठेच नाही.

टिपणात मी तो आकडा स्वतः काढून घातला नाही. फक्त लिहिलं: "मागील वर्षीचे उपसा कमी करण्याचे उद्दिष्ट यंदाच्या रिपोर्टमध्ये नाही, त्याऐवजी आराखड्यांचे उद्दिष्ट आहे." सस्टेनेबिलिटी टीमला आवडलं नाही. आयआरच्या मुख्य बाईंनी मात्र फोन करून आभार मानले, कारण तो प्रश्न कॉलवर आलाच.

---

रानवारा

+१. क्रियापदांवर पण लक्ष ठेवा. "कमी करू" चं "कमी करण्याच्या दिशेने वाटचाल" झालं की समजायचं.

---

टिंबटिंब

"दिशेने वाटचाल" म्हणजे गाडी अजून गॅरेजमध्येच.

---

शाईची_बाटली

तळटीप, खूप आभार. परिशिष्टात पुन्हा शिरले. १४६ मार्केट-बेस्ड आहेत. लोकेशन-बेस्डची ओळ तक्त्याच्या अगदी तळाशी आहे: २०२३ चे सुधारित १६२ हजार, २०२४ चे १६५ हजार. म्हणजे त्या पद्धतीने वाढले? आता मी खरंच गोंधळले. घट लिहू की वाढ?

पाणीवाली, दोन रकान्यांची युक्ती केली. आमच्याकडे कचऱ्याचं एक उद्दिष्ट असंच विरघळलंय. :(

---

तळटीप

दोन्ही लिहा, आणि मध्ये कारण लिहा. हा सगळ्यात मोलाचा भाग आहे.

लोकेशन-बेस्ड म्हणजे तुम्ही जी वीज वापरली ती ज्या ग्रीडमधून आली त्याच्या सरासरीने मोजलेलं उत्सर्जन. मार्केट-बेस्डमध्ये तुम्ही विकत घेतलेली अक्षय ऊर्जा प्रमाणपत्रं, वीज खरेदीचे करार वगैरे धरतात. स्कोप १ दोन्हीकडे तोच असतो. मग दोन बेरजांमधला फरक म्हणजे ढोबळ मानाने प्रमाणपत्रांचं आणि करारांचं काम. २०२३ मध्ये तो फरक १६२ वजा १५०, म्हणजे १२. २०२४ मध्ये १६५ वजा १४६, म्हणजे १९. यंदा ७ हजार टनांची जास्तीची प्रमाणपत्रं किंवा करार आले. आणि बाकी कामकाज ३ हजारांनी वर गेलं. वाढ ३, वजा ७, म्हणून निव्वळ घट ४. तुमचा रस्ता आता पूर्ण झाला: १६४, विक्रीचे वजा १४, कामकाजाचे अधिक ३, हरित वीज खरेदीचे वजा ७, शेवटी १४६.

एक सांभाळा. "कामकाजाचे अधिक ३" यात ग्रीडचा घटकसुद्धा लपलेला असतो. ग्रीड यंदा स्वच्छ झालं असेल तर तुमचा प्रत्यक्ष वीजवापर तीनपेक्षा जास्त वाढलेला असू शकतो. उलटही होऊ शकतं. म्हणून "ऊर्जा कार्यक्षमता घटली" असं लिहू नका. वापरलेल्या विजेचे युनिट आणि इंधनाचा आकडा परिशिष्टात असेल, तो पाहूनच बोला.

मार्केट-बेस्ड दाखवण्यात लबाडी काही नाही. २०१५ पासून स्कोप २ च्या मार्गदर्शनानुसार दोन्ही आकडे द्यायचेच असतात. हवामानाची माहिती जाहीर करण्याचं आयएफआरएस एस२ हे मानक तर उलट लोकेशन-बेस्ड मागतं आणि शेजारी करारांची माहिती द्यायला सांगतं. त्यामुळे ज्या गुंतवणूकदारांना त्या चष्म्यातून पाहायची सवय आहे, त्यांना तुमची १६५ ची ओळ आधी दिसेल, हिरवं वर्तुळ नंतर.

---

कॉलवरचा_माणूस

धागा सकाळपासून वाचतोय, आता राहवलं नाही. मी टेबलाच्या पलीकडे बसतो. असली टिपणं आमच्याकडे येतात.

आम्हाला काय लागतं ते सांगतो. विश्लेषक "तुमचं २०२४ चं उत्सर्जन किती" असं क्वचित विचारतो, ते त्याच्याकडे असतंच. तो विचारतो, "उद्दिष्टाच्या वाटेवर आहात का, आणि उरलेलं कुठून येणार?" म्हणून टिपणात प्रत्येक उद्दिष्टापुढे सरळ रेषेशी तुलना हवी. तुमच्याच आकड्यांवर करून दाखवतो.

४२ टक्के दहा वर्षांत, म्हणजे वर्षाला ४.२ टक्के. चार वर्षांत १६.८ झाले पाहिजेत. तुमचे १८.९ झालेत. म्हणजे रेषेच्या पुढेच आहात! २७ चा मोह सोडला तरी बातमी चांगली आहे, हे तुमच्या पान ४ वाल्यांना सांगा. पण पुढे बघा. १८० चे ४२ टक्के काढले की २०३० ला १०४ च्या आसपास पोहोचायचंय. आज १४६. उरले जवळजवळ ४२ हजार, सहा वर्षांत, म्हणजे वर्षाला सातच्या आसपास. यंदा झाले ४. तेव्हा खरं वाक्य असं: रेषेच्या पुढे आहोत, पण यंदाचा वेग पुढे लागणाऱ्या वेगापेक्षा कमी. हे वाक्य टिपणात तयार असेल तर कॉलवर कुणाला घाम फुटत नाही.

दुसरं, बाहेरच्या तपासनिसांनी दिलेलं अ‍ॅश्युरन्सचं पत्र वाचा. कोणत्या आकड्यांवर लिमिटेड अ‍ॅश्युरन्स आहे याची यादी त्यात असते. बऱ्याचदा टनांचे आकडे त्यात असतात, वर्तुळातली टक्केवारी नसते. "तपासलेला आकडा" म्हणून तपासलेलाच सांगा.

---

सरळरेघ

"रेषेच्या पुढे" म्हणताना एक विसरताय. २०२० हे वर्षच विचित्र होतं. कित्येक ठिकाणी उत्पादन बंद होतं. ज्यांनी तेच आधारवर्ष धरलं त्यांचा आधारच खाली होता.

---

कॉलवरचा_माणूस

@सरळरेघ, बरोबर, पण ते यांच्या विरुद्ध जातं, बाजूने नाही. कमी आधारावरून ४२ टक्के करणं जास्त अवघड. टिपणात त्याची सबब करण्यात अर्थ नाही, उद्दिष्ट त्यांनीच निवडलंय.

---

रानवारा

मला एक खटकतं. "यंदाची घट २.७ टक्के" आणि "वर्षाला सात हजार लागतील" हे रिपोर्टमध्ये छापलेलं नाही. तुम्ही मोजलंय. आयआरने ते एखाद्या गुंतवणूकदाराला खाजगी भेटीत सांगितलं आणि बाकीच्यांना नाही, तर ती निवडक माहिती ठरणार नाही का?

---

कॉलवरचा_माणूस

माझ्या मते नाही. सगळे आकडे प्रसिद्ध झालेले आहेत, कुणीही भागाकार करू शकतो. पण "पुढच्या वर्षी सात करू" असं कुणी बोललं तर ती नवी माहिती. तिथे जीभ आवरायची.

---

रानवारा

आमचा कम्प्लायन्स विभाग भागाकारालासुद्धा परवानगी मागायला लावतो. टिपणावर "अंतर्गत वापरासाठी" लिहून आकडे रंगाने वेगळे करतो, छापलेले काळे आणि आपण काढलेले निळे. निळा आकडा आहे तसा बाहेर वाचायचा नाही.

---

पाणीवाली

निळा-काळा आवडलं. पण कृष्णधवल प्रिंट काढून मीटिंगला नेणारे वरिष्ठ असतात त्यांचं काय?

---

टिंबटिंब

त्यांच्यासाठी निळा आकडा तिरका करा. तरीही वाचला तर कम्प्लायन्सला पण कॉलवर बसवा.

---

शाईची_बाटली

सगळ्यांचे मनापासून आभार. पहिल्या उद्दिष्टाचा मजकूर असा केलाय. चुका काढा.

"स्कोप १ व २ (मार्केट-बेस्ड): २०२४ मध्ये १४६ हजार टन. युनिट विक्रीनंतर सुधारित आधारवर्षाच्या (१८० हजार) तुलनेत घट १८.९ टक्के, २०३० चे उद्दिष्ट ४२ टक्के, सरळ रेषेनुसार २०२४ पर्यंत अपेक्षित १६.८ टक्के. २०२३ च्या मूळ प्रसिद्ध आकड्यातून (१६४ हजार) बदल: युनिट विक्री −१४, कामकाज व ग्रीड +३, हरित वीज खरेदी −७. लोकेशन-बेस्ड आकडा १६२ वरून १६५ हजार. रिपोर्टच्या पान ४ वरील २७ टक्के हा आकडा सुधारणेपूर्वीच्या आधारावर आहे, वापरू नये."

शेवटचं वाक्य ठेवू का? सस्टेनेबिलिटी टीमला आज मेल केलाय. ऑनलाइन आवृत्तीत पान ४ दुरुस्त करता येईल का ते बघतो म्हणाले. छापील प्रती वाटून झाल्यात.

---

तळटीप

ठेवा. ऑनलाइन दुरुस्ती झाली तर "छापील आवृत्तीत २७, ऑनलाइन आवृत्तीत १९" असं करा, कारण दोन्ही फिरत राहणार. "कामकाज व ग्रीड" हे छान वेगळं काढलंत.

एक भर. उरलेले ४२ हजार कुठून येणार याबद्दल रिपोर्टमध्ये काही छापलं असेल, म्हणजे एखादा बॉयलर बदलणार किंवा वीज करार कधी सुरू होणार, तर ते पान क्रमांकासह घाला. काही नसेल तर "रिपोर्टमध्ये उल्लेख नाही" असं लिहा. रिकामी जागा सोडली की आयआरला वाटतं तुम्ही शोधलंच नाही.

---

शाईची_बाटली

एक वीज करार आहे, पान ६१ वर, तारीख नाही. तसंच लिहिते.

आता स्कोप ३, म्हणजे पुरवठादार वगैरेंकडचं उत्सर्जन, उघडलाय. गेल्या वर्षीपेक्षा ३० टक्क्यांनी कमी! आणि तळटीपेत (तुम्ही नव्हे) लिहिलंय, "खरेदीच्या रकमेवरून अंदाजाऐवजी यंदा पुरवठादारांकडून आलेली माहिती वापरली."

---

तळटीप

मग ३० टक्के कुठेही लिहू नका. ती घट आहे की नाही हेच माहीत नाही, फक्त मोजपट्टी बदललीय. गेल्या वर्षीचा आकडा नव्या पद्धतीने पुन्हा काढलाय का ते विचारा.

---

शाईची_बाटली

विचारलं. "पुढच्या वर्षी काढू" म्हणाले.

---

टिंबटिंब

दिशेने वाटचाल.